सीएमटीचा पाय: टाच आत वळलेली दिसली, तरी तपासणी चवड्यापासून सुरू करा

ऑर्थोपेडिक ओपीडीत नव्याने बसणारे निवासी डॉक्टर आणि फिजिओथेरपीचे विद्यार्थी यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनीही जरूर वाचावं. डॉक्टर लाकडाच्या ठोकळ्यावर का उभं करतात, अंगठ्याखाली बोट लावून का दाबायला सांगतात, हे कळलं की पुढचा निर्णय डोक्यावरून जात नाही.

शार्को-मारी-टूथ, म्हणजे सीएमटी, हा हातापायांच्या नसांचा आनुवंशिक आजार. १८८६ मध्ये पॅरिसच्या शार्को आणि मारी यांनी, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या टूथ यांनी त्याचं वर्णन केलं. साधारण २,५०० माणसांत एकाला तो असतो असं धरतात, त्यामुळे तुमच्या ओपीडीत तो येणारच. हालचालीच्या आणि संवेदनेच्या, दोन्ही नसा हळूहळू निकामी होतात. सर्वांत लांब नसांना आधी झळ बसते, म्हणून सुरुवात पायांच्या टोकाकडून होते. बहुतेक जण 'नस कमजोर आहे' म्हणून येत नाहीत. घोटा सारखा मुरगळतो, बूट एका बाजूने झिजतो, चप्पल पायात राहत नाही, अशी तक्रार घेऊन येतात.

१. आधी जोड्या पाठ करा

पायाचा आकार बघून ऑपरेशन ठरवायचं नसतं. कोणता स्नायू मेला आणि त्याच्यासमोरचा कोणता जिवंत राहिला, हे आधी शोधायचं असतं. सीएमटीत सगळे स्नायू एकसारखे दुबळे होत नाहीत, आणि सगळी विकृती या असमतोलातूनच येते.

पहिली जोडी नडगीच्या पुढचा टिबियालिस अँटिरियर आणि बाहेरच्या बाजूचा पेरोनियस लाँगस यांची. टिबियालिस अँटिरियर अंगठ्यामागचं लांब हाड, म्हणजे पहिलं मेटाटार्सल, वर उचलतो. पेरोनियस लाँगस तळव्याखालून जाऊन तेच हाड खाली दाबतो. सीएमटीत टिबियालिस अँटिरियर लवकर जातो आणि लाँगस बराच काळ टिकतो, म्हणून पहिलं मेटाटार्सल खाली खेचलं जातं.

दुसरी जोडी टिबियालिस पोस्टिरियर आणि पेरोनियस ब्रेव्हिस. पहिला पाय आत वळवतो, दुसरा बाहेर. ब्रेव्हिस जातो, पोस्टिरियर दांडगा राहतो आणि पाय आत वळतो.

तिसरी गोष्ट तळव्यातल्या छोट्या स्नायूंची. ते सर्वांत आधी जातात. बोटांचं मूळ खाली धरून पुढचे सांधे सरळ ठेवणं हे त्यांचं काम. ते गेले की लांब टेंडन्सना आवर राहत नाही: बोटांचं मूळ वर उचललं जातं, पुढचे सांधे खाली दुमडतात आणि पंजासारखी बोटं तयार होतात. त्यात पाऊल उचलणारा टिबियालिस अँटिरियर दुबळा असल्याने शरीर अंगठा आणि बोटं उचलणाऱ्या टेंडन्सना मदतीला घेतं. ते प्रत्येक पावलागणिक बोटं वर ओढतात. बोटं वर गेली की तळव्याखालचा जाड पडदा, म्हणजे प्लांटर फॅसिया, ताणला जातो, मेटाटार्सलची डोकी खाली ढकलली जातात आणि कमान आणखी उंच होते. काही वर्षांत हा पडदाच आखडतो.

आता टाच. पाऊल तिपाईसारखं जमिनीवर टेकतं: एक पाय टाच, दुसरा अंगठ्यामागचा चवडा, तिसरा करंगळीमागचा. अंगठ्याकडचा पाय लांब झाला, तर तिपाई बाहेरच्या बाजूला कलणार आणि टाच आत वळणार. म्हणजे टाचेत स्वतःचा काही दोष नसतानाही ती वाकडी दिसू शकते. हे नीट समजलं नाही, तर निर्दोष टाचेचं हाड कापलं जातं आणि मूळ दोष तसाच राहतो.

२. टेबलावर काय हवं

साधनं साधी आहेत. साधारण २.५ सेंटिमीटर जाडीचा, पाऊलभर लांबीचा लाकडी ठोकळा, आणि सोबत एकेक सेंटिमीटरच्या दोन-तीन पट्ट्या. रिफ्लेक्स हॅमर, १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, कापूस, त्वचेवर खुणा करायचं पेन, आणि चालण्याचा व्हिडिओ काढायला फोन. ठोकळा रुग्णालयात नसला तर सुताराकडून करून घ्या.

पेशंटला आधीच सांगून ठेवायचं: रोजची झिजलेली चप्पल किंवा बूट आणा, नवे घालून येऊ नका. नर्व्ह कंडक्शनचा रिपोर्ट असेल तर तो, जुन्या ऑपरेशनचे कागद, आणि जमलं तर आई-वडील दोघंही. एक्स-रे उभं राहून काढलेले हवेत: पाऊल समोरून, पाऊल बाजूने आणि घोटा. झोपवून काढलेल्या एक्स-रेवर कमान मोजली तर तो आकडा खोटा असतो. विनंतीपत्रावर 'उभं राहून' असं ठळक लिहा, नाहीतर झोपवूनच काढला जातो.

३. हा सीएमटीच आहे का?

उंच कमान म्हणजे सीएमटी असं नाही. सीएमटी जवळजवळ नेहमी दोन्ही पायांत असतो, थोडं कमीजास्त एवढंच. एकच पाय असा असेल, किंवा एक पाय झपाट्याने बिघडत असेल, तर आधी मणक्याचा एमआरआय. मणक्यातली गाठ किंवा खेचली गेलेली मज्जारज्जू सीएमटी समजून पायावर उपचार करत राहणं ही महागात पडणारी चूक.

आपल्याकडे दोन आजार हमखास आठवायला हवेत. पहिला कुष्ठरोग. त्यातही पंजासारखी बोटं होतात आणि पाऊल पडतं. पण तो सहसा एका बाजूला जास्त असतो, त्वचेवर बधिर चट्टे असतात, नसा हाताला जाड लागतात. इथे एक फसगत आहे: सीएमटीच्या पहिल्या प्रकारातही नसा जाड लागू शकतात, अगदी मानेवर कानाखाली जाणारीसुद्धा. म्हणून फक्त जाड नसेवरून कुष्ठरोगाचा शिक्का मारू नका आणि फक्त कमानीवरून तो नाकारूही नका. चट्टे शोधा, गरज पडली तर त्वचेची तपासणी करा. दुसरा पोलिओ, जो मोठ्या वयाच्या पेशंटमध्ये अजून दिसतो. त्यात संवेदना शाबूत असतात, आजार वर्षानुवर्षं जागच्या जागी असतो आणि दोन पायांत मोठा फरक असतो.

मुलाला तोल सांभाळता येत नसेल, बोलणं अडखळत असेल, आणि रिफ्लेक्स गेलेले असूनही तळव्याला ओरखडा काढल्यावर अंगठा वर जात असेल, तर फ्रीड्रिकचा अटॅक्सिया डोक्यात ठेवा. तिथे हृदयाची तपासणी ऑपरेशनच्या आधी.

आई-वडिलांचे पाय उघडे करून बघा. सर्वांत नेहमीचा प्रकार, १ए, आईकडून किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलात पन्नास टक्के शक्यतेने येतो. त्यात १७व्या गुणसूत्रावरच्या पीएमपी-२२ या जनुकाची एक प्रत जास्त असते. 'घरात कुणालाच नाही' असं ठामपणे सांगणाऱ्या वडिलांनी मोजे काढले की तीच उंच कमान, हे दृश्य नवं नाही. त्यांना ती लहानपणापासूनची ठेवण वाटत असते.

नर्व्ह कंडक्शनमध्ये हाताच्या मीडियन नसेचा हालचालीचा वेग बघतात. तो सेकंदाला ३८ मीटरच्या खाली असेल तर नसेचं आवरण खराब, म्हणजे पहिला प्रकार. वर असेल तर नसेचा गाभा खराब, म्हणजे दुसरा. आकडा पायाच्या नसेवर का नाही? कारण पायात कित्येकदा सिग्नल मिळतच नाही. रिपोर्टवर पायाच्या रकान्यात 'प्रतिसाद नाही' असं दिसलं तरी मशीन बिघडलेलं नाही.

४. उभं करा, चालवा, मगच झोपवा

पेशंटला गुडघ्यापर्यंत पाय उघडे करून तुमच्याकडे तोंड करून उभं करा. पावलं सरळ पुढे असताना टाचेचा आतला भाग घोट्याच्या आतून डोकावताना दिसला, तर टाच आत वळलेली आहे. निरोगी पायात समोरून तो भाग दिसत नाही. मग मागून, स्वतः खाली बसून, डोळे टाचेच्या पातळीला आणून बघा. उभ्याने वाकून बघितलं तर चार-पाच अंशांचा फरक सहज निसटतो.

तळव्यावरचे घट्टे वाचायला शिका. पहिल्या मेटाटार्सलच्या डोक्याखाली जाड घट्टा आणि करंगळीच्या हाडाच्या बुडाशी दुसरा असेल, तर भार कुठून कुठे जातो हे एक्स-रे न बघताही कळतं. बोटांच्या सांध्यांवरची कुरुपं बुटाला घासून आलेली असतात. झिजलेली चप्पल हातात घ्या: टाचेची बाहेरची कड गेलेली असेल आणि अंगठ्याच्या जागी खोल खड्डा असेल, तर तीच गोष्ट दुसऱ्या भाषेत लिहिलेली आहे.

चालताना पाऊल उचलण्याच्या क्षणाकडे लक्ष द्या. पाऊल हवेत असताना अंगठा ताडकन वर येत असेल, तर टिबियालिस अँटिरियर दुबळा आहे आणि अंगठ्याचं टेंडन त्याचं काम करतंय. टाचांवर चालायला सांगा. सौम्य आजारातही हे आधी जमेनासं होतं. पाय जोडून डोळे मिटून उभं राहता येतं का बघा. हातही बघा: अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग बसलेला असतो, शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो. मुलांमध्ये पाठीचा कणा आणि खुबे तपासल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असं म्हणू नका. मणक्याचा बाक आणि उथळ खुबा हे दोन्ही सीएमटीत सापडतात.

५. स्नायूंना गुण द्या, पण चोरी पकडा

० ते ५ चे गुण सगळ्यांना पाठ असतात. अडचण अशी की शेजारचा स्नायू चोरून मदत करतो आणि दुबळ्याला जास्त गुण मिळतात.

टिबियालिस अँटिरियर तपासताना बोटं खाली मुडपून ठेवायला सांगा आणि मग पाऊल वर उचलायला लावा. बोटं मोकळी सोडलीत तर अंगठ्याचं टेंडन पाऊल उचलून दाखवतं आणि २ गुणांचा स्नायू ४ वाटतो. पेरोनियस लाँगससाठी तुमचा अंगठा पहिल्या मेटाटार्सलच्या डोक्याखाली ठेवा आणि 'माझा अंगठा जमिनीकडे दाबा' असं सांगा. ब्रेव्हिससाठी पाऊल बाहेर वळवायला सांगून करंगळीच्या हाडाच्या बुडाशी टेंडन ताठ होतं का ते बोटाने चाचपा. टिबियालिस पोस्टिरियरसाठी पाऊल खाली झुकवलेल्या स्थितीत आत वळवायला लावा, कारण वर उचललेल्या स्थितीत अँटिरियर मदत करतो.

हे गुण कागदावर तारखेसह लिहा. टेंडन दुसरीकडे नेलं की साधारण एक गुण घटतो, म्हणून ४ पेक्षा दुबळं टेंडन हलवून फारसा उपयोग नाही. आजार वाढता आहे, त्यामुळे सहा महिन्यांनी तेच गुण पुन्हा काढले की कोणता स्नायू घसरतोय ते समजतं. घसरत्या स्नायूवर ऑपरेशन उभं करायचं नाही.

यात अनेक जण पोटरीच्या टेंडनवर येऊन अडकतात. पाऊल वर येत नाही, म्हणजे टाचेमागचं टेंडन आखडलं असं वाटतं. पण उंच कमानीच्या पायात बहुतेकदा चवडा मधल्या पावलातून खाली झुकलेला असतो आणि घोटा मात्र नीट, किंबहुना वरच झुकलेला असतो. बाजूच्या एक्स-रेवर टाचेच्या हाडाचा जमिनीशी कोन बघा. नेहमी तो २० ते ३० अंश असतो. ३० च्या वर असेल तर टाच वर तोंड करून आहे, म्हणजे टाचेमागचं टेंडन आखूड असण्याची शक्यता कमीच. अशा पायात ते लांबवलं तर पायाला मागून ढकलणारा एकुलता एक दणकट स्नायू तुम्ही स्वतःच दुबळा करता. गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून घोटा किती वर येतो ते मोजा. मोजताना एका हाताने टाच धरा, चवडा धरून वर ढकलू नका.

६. ठोकळ्याची चाचणी

टाचेचं हाड कापायचं की नाही, हे ही चाचणी ठरवते. १९७७ मध्ये कोलमन आणि चेस्नट यांनी ती मांडली, आणि अजून तिला दुसरी कोणती चाचणी हरवू शकलेली नाही.

ठोकळा जमिनीवर ठेवा. पेशंटची टाच आणि पावलाची बाहेरची कड ठोकळ्यावर येऊ द्या. अंगठ्यामागचं मेटाटार्सल ठोकळ्याच्या कडेबाहेर, हवेत लोंबू द्या, म्हणजे ते खाली मोकळेपणाने उतरू शकेल. गरज असेल तर दुसरं आणि तिसरं मेटाटार्सलही कडेबाहेर घ्या. त्या पायावर पूर्ण भार द्यायला लावा. आता मागून टाच बघा. टाच आत वळलेली होती ती सरळ झाली किंवा किंचित बाहेर गेली, तर मागचे सांधे लवचिक आहेत आणि दोष पुढचा आहे. चवडा दुरुस्त केला की टाच आपोआप येईल. टाच तशीच आत राहिली, तर ती स्वतः कडक झालेली आहे आणि तिच्यावर वेगळं काम करावं लागेल.

चुका तीनच, पण रोजच्या. भार दुसऱ्या पायावर ठेवलेला असतो. तोल जाईल या भीतीने पेशंट तसं करतो, म्हणून त्याला भिंतीचा किंवा खुर्चीचा आधार द्या. ठोकळा पातळ पडतो आणि अंगठ्याकडचा चवडा जमिनीला टेकतो, म्हणजे तिपाईचा लांब पाय पुन्हा जमिनीवर आला. अशा वेळी पट्टी घालून उंची वाढवा. आणि गुडघा आत किंवा बाहेर वळवून टाच सरळ केल्याचा भास होतो, म्हणून गुडघ्याची वाटी पुढेच राहील याकडे लक्ष ठेवा.

या चाचणीची मर्यादाही लक्षात असू द्या. ती टाचेबद्दल बोलते, चवड्याबद्दल नाही. पहिलं मेटाटार्सल लवचिक आहे का, ते हाताने वर ढकलून वेगळं बघावं लागतं. बोटांचंही तसंच: पेशंट झोपलेला असताना मेटाटार्सलच्या डोक्यांखाली अंगठ्याने वर दाबा. बोटं सरळ झाली तर ती लवचिक आहेत. दुमडलेलीच राहिली तर सांधा कडक झाला आहे, तिथे नुसतं टेंडन हलवून भागणार नाही.

७. ऑपरेशनचा क्रम

ऑपरेशन नसांचा आजार बरा करत नाही. त्यातून मिळवायचं असतं ते एवढंच: पाऊल तिन्ही टोकांवर सपाट टेकलं पाहिजे, बुटात मावलं पाहिजे, घोटा वळता कामा नये. त्यासाठी सांधे शक्यतो वाचवायचे, कारण या पायाला पुढे अनेक दशकं चालायचं असतं आणि संवेदना कमी असलेल्या पायात एक सांधा जोडला की त्याचा भार शेजारच्या सांध्यावर जातो. मागचे तीन सांधे एकत्र जोडण्याचं ऑपरेशन, ट्रिपल आर्थ्रोडेसिस, एकेकाळी सर्रास व्हायचं. अशा पेशंटना पुढची वीसेक वर्षं बघितल्यावर अनेकांच्या घोट्याला झिजेचा संधिवात झालेला आढळला. आता ते शेवटचा उपाय म्हणून, कडक आणि झिजलेल्या पायापुरतं ठेवतात.

क्रम असा. आधी जे आखडलंय ते सोडवा: प्लांटर फॅसिया टाचेजवळ कापून मोकळा करा. मग हाडं सरळ करा. ठोकळ्यावर टाच सरळ झाली नसेल, तर टाचेचं हाड कापून मागचा भाग बाहेरच्या बाजूला सरकवा, किंवा बाहेरून पाचर काढून टाका. हे पाचरीचं ऑपरेशन ड्वायर यांनी १९५९ मध्ये मांडलं. पहिल्या मेटाटार्सलच्या बुडाशी, वरच्या बाजूने पाचर काढून ते हाड वर उचला. मुलांमध्ये इथे सावध: पहिल्या मेटाटार्सलची वाढीची जागा बुडाशीच असते, इतर मेटाटार्सलसारखी डोक्याकडे नसते. ती उघडी असेल तर काप तिच्यापुढे घ्या. आणि पाचर हावरटपणे काढू नका. अंगठ्याकडचं हाड फार वर गेलं की भार दुसऱ्या मेटाटार्सलवर येतो आणि महिन्या-दोन महिन्यांत तिथे नवा घट्टा दिसतो.

हाडं सरळ झाल्यावरच टेंडन्सचा समतोल. वाकड्या सांध्याला टेंडन सरळ करू शकत नाही, ते फक्त सरळ केलेलं टिकवतं. पेरोनियस लाँगस कापून ब्रेव्हिसला जोडतात. एकाच टाक्यात दोन कामं होतात: पहिलं मेटाटार्सल खाली ओढणारं बळ गेलं आणि पाय बाहेर वळवणारं बळ वाढलं. टिबियालिस पोस्टिरियर पायाच्या दोन हाडांमधल्या पडद्यातून पुढे आणून पावलाच्या पाठीवर, साधारण बाहेरच्या क्युनिफॉर्म हाडात, बसवतात. आत ओढणारा स्नायू आता पाऊल उचलायला लागतो. चालण्याच्या वेगळ्या टप्प्यावर काम करायची सवय असलेला हा स्नायू आहे, म्हणून त्याला नवं काम शिकवायला फिजिओथेरपी लागते.

अंगठ्यासाठी जोन्सचं ऑपरेशन. अंगठा उचलणारं टेंडन पहिल्या मेटाटार्सलच्या मानेत बसवायचं आणि अंगठ्याचा पुढचा सांधा जोडून टाकायचा, नाहीतर तो खाली दुमडून राहतो. बाकीची बोटं लवचिक असतील तर तळव्याकडचं टेंडन दुभागून बोटाच्या पाठीवर नेतात. कडक असतील तर मधला सांधा जोडतात. टाचेमागच्या टेंडनचा निर्णय सगळ्यात शेवटी, टेबलावर, पाऊल सरळ झाल्यावर पुन्हा मोजून.

टेंडन्सच्या गाठी मारताना घोटा काटकोनात आणि पाऊल सरळ धरलेलं हवं. ते धरायला टेबलावर एक माणूस फक्त त्या कामाला ठेवा.

८. एक केस, दोन पाय

सोळा वर्षांची मुलगी, वडिलांसोबत आली. तक्रार: घोटा मुरगळतो, स्लीपर पायात राहत नाही, शाळेच्या बुटाचा बाहेरचा तळ दोन महिन्यांत जातो. 'सेफ्टी पिन लावून इलॅस्टिक बांधते मी सरांना न दिसता,' ती म्हणाली. वडिलांची कमान तशीच, त्यांना कधी त्रास झाला नव्हता. मीडियनचा वेग २२, म्हणजे पहिला प्रकार.

स्नायू दोन्ही पायांत सारखेच: बोटं मुडपून टिबियालिस अँटिरियर २, ब्रेव्हिस २, लाँगस ४ पेक्षा थोडा जास्त, पोस्टिरियर ५, पोटरी ५. टाच धरून घोटा मोजला तर गुडघा सरळ असताना जेमतेम काटकोनात येत होता, गुडघा वाकवल्यावर दहा अंश वर. बाजूच्या एक्स-रेवर टाचेचा कोन ३४ अंश, आणि टॅलस, म्हणजे घोट्यातलं पावलाचं सर्वांत वरचं हाड, व पहिलं मेटाटार्सल यांच्या रेषा, ज्या एका ओळीत असायला हव्यात, त्यांच्यात १८ अंशांचा बाक.

ठोकळ्यावर उजवी टाच सरळ होऊन किंचित बाहेर गेली. डावी अर्धीच आली आणि थांबली. पट्टी वाढवून, भार नीट देऊन पुन्हा बघितलं, तरी तेवढीच.

म्हणजे एकाच मुलीच्या दोन पायांसाठी दोन वेगळी ऑपरेशनं. उजव्यात प्लांटर फॅसिया, पहिलं मेटाटार्सल उचलणं, लाँगस ते ब्रेव्हिस, पोस्टिरियर पुढे आणणं आणि जोन्स. डाव्यात हे सगळं, शिवाय टाचेचं हाड बाहेर सरकवणं. मेटाटार्सलची वाढीची जागा बंद झालेली होती, त्यामुळे काप बुडाशी घेता आला. बोटं दाबल्यावर सरळ होत होती, म्हणून बाकीच्या बोटांवर पहिल्या फेरीत हात लावायचा नाही असं ठरलं. कमान खाली आली आणि अंगठ्याचं ओढणं बंद झालं की ती थोडी मोकळी होतात.

जास्त त्रास डाव्याचा, म्हणून तो आधी. हाडं सरळ झाल्यावर टेबलावर घोटा पुन्हा मोजला: गुडघा सरळ असताना पाच अंश वर. टाचेमागच्या टेंडनला हात लावला नाही. ओपीडीतला 'जेमतेम काटकोन' बघून ते आधीच लांबवलं असतं, तर मुलीला जिने चढणं कठीण झालं असतं. उजवा पाय डावा भार पेलायला लागल्यावर, काही महिन्यांनी.

९. ऑपरेशननंतर बिघडतं ते कुठे

प्लास्टर साधारण सहा आठवडे, आणि तोवर त्या पायावर भार नाही. पण सीएमटीच्या पायाला प्लास्टर टोचतंय हे कळत नाही. इतर पेशंट ओरडतो, हा शांत झोपतो. टाच आणि करंगळीच्या हाडाचं बूड इथे जाड कापूस, आणि दुखत नाही म्हणाला तरी ठरलेल्या दिवशी प्लास्टर उघडून बघणं. वास आला किंवा प्लास्टरवर डाग दिसला तर त्याच दिवशी.

टाचेचं हाड बाहेर सरकवलं की आतल्या घोट्याजवळून जाणारी टिबियल नस ताणली जाऊ शकते. ऑपरेशनच्या आधी तळव्याची संवेदना आणि बोटांची ताकद लिहिलेली नसेल, तर नंतरचा बधिरपणा जुना की नवा हे कुणालाच सांगता येत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सीएमटीची कल्पना आधी द्या. भुलेची काही औषधं आणि नसेचे ब्लॉक याबाबत त्यांना त्यांचा निर्णय घ्यायचा असतो. आणि पेशंटच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: व्हिनक्रिस्टिन टाळणे. कर्करोगाचं हे औषध सीएमटीच्या नसांना अल्पावधीत गंभीर इजा करू शकतं, आणि कर्करोगतज्ज्ञाला कुणी सांगितलं नाही तर त्याला कळणार नाही.

प्लास्टर निघाल्यावर काही महिने पाऊल धरणारा प्लास्टिकचा पट्टा, म्हणजे एएफओ, लागतो. काहींना तो नेहमीसाठी लागतो. हे ऑपरेशनच्या आधीच सांगा, आणि पेशंटसमोर फाइलवर लिहा. फरक असा की आधी कोणताही पट्टा त्या वाकड्या पायावर बसत नव्हता, बसवला तर घट्ट्यावर जखम करत होता. आता तो बसतो.

पुढे वर्षातून एकदा तेच गुण, तोच ठोकळा, तोच उभ्याने काढलेला एक्स-रे. टाच पुन्हा आत वळायला लागली असेल, तर आधी पहिल्या मेटाटार्सलखाली बोट लावून बघा: लाँगस खरंच कापलेला आहे का, की कुठे चिकटून अजून खाली ओढतो आहे.